दोन वर्षांचा नातू डंपर का सोडत नाही?

प्रश्न : माझा नातू सव्वादोन वर्षांचा आहे. दर रविवारी त्याचा मावसभाऊ खेळायला येतो, तो तीन वर्षांचा. तो दारात दिसला, की आमचा नातू ‘माझं! माझं!’ करत सगळी खेळणी छातीशी धरून बसतो. आठवडाभर ज्या खेळण्याकडे ढुंकून पाहिलेलं नसतं, तेसुद्धा नेमकं त्याच क्षणी हवं असतं. मागच्या रविवारी पिवळ्या डंपरवरून इतकी ओढाताण झाली, की मी तो नातवाच्या हातातून काढून पाहुण्या पोराला दिला. नातू कितीतरी वेळ रडत राहिला. वर्षाचा होता तेव्हा हाच मुलगा तोंडातलं ओलं बिस्किट काढून सगळ्यांना भरवायचा! एकुलता एक आहे म्हणून असा होतोय का? आमच्या घरी चार जावांची मुलं एकत्र वाढली, तिथे असं ‘माझं-माझं’ कधी ऐकलं नाही. सून म्हणते, जबरदस्ती करू नका. मला वाटतं, आत्ताच वळण लावलं नाही तर पुढे जड जाईल. कोणाचं बरोबर?
— एक आजी, सांगली

उत्तर : त्या ओल्या बिस्किटात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. दहा-बारा महिन्यांचं मूल वस्तू पुढे करतं, आपण ‘मला? अरे वा!’ म्हणून घेतो, परत देतो, ते पुन्हा पुढे करतं. हा देण्या-घेण्याचा खेळ आहे आणि त्यात त्याचं लक्ष वस्तूपेक्षा आपल्या चेहऱ्याकडे जास्त असतं. बिस्किट ‘आपलं’ आहे आणि दिलं की ते ‘आपलं’ राहणार नाही, हे त्याच्या गावीही नसतं. ते उदार होतं आणि आता चिक्कू झालं, असं झालेलं नाही. तेव्हा सोडण्यासारखं त्याच्यापाशी काहीच नव्हतं, आता आहे.

मधल्या काळात काय घडलं, ते एका साध्या प्रयोगातून कळतं. ब्यूला ॲम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1972 मध्ये त्याची हकिगत प्रसिद्ध केली. मुलाच्या नकळत त्याच्या नाकाला रंगाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर न्यायचं. वर्षभराचं मूल आरशातल्या ‘त्या’ बाळाकडे बघून हसतं, त्याला हात लावायला जातं. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान मात्र बरीच मुलं आरशात बघून स्वतःच्या नाकाला हात लावतात. समोर दिसतो तो मीच, हे आता उमगलेलं असतं. आणि एकदा ‘मी’ उमगला, की ‘माझं’ फार दूर नसतं. दोन वर्षांच्या मुलाला आपलं गाव, शाळा, आवडनिवड यांतून स्वतःला सांगता येत नाही. हाताला लागणारी, डोळ्यांना दिसणारी अशी त्याच्यापाशी वस्तूच असते, म्हणून तो वस्तूंतून सांगतो : हा डंपर माझा, म्हणजे हा मी.

लॉरा लेव्हिन यांनी 1983 मध्ये दोन वर्षांच्या मुलग्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांना आरशात स्वतःची ओळख पटत होती आणि ‘माझं-तुझं’ नीट समजत होतं, त्यांच्या जोड्या खेळायला बसवल्या, तेव्हा तीच मुलं खेळण्यांवर जास्त हक्क सांगताना दिसली. विशेष म्हणजे हा हक्क सांगणं आणि दुसऱ्या मुलात रस घेणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड आल्या नाहीत. मूल आधी आपली हद्द आखतं आणि मग हद्दीपलीकडच्या माणसाकडे वळतं, असा अर्थ लेव्हिन यांनी लावला. मला तो पटतो, कारण पुढच्या कामानेही त्याला दुजोरा मिळाला. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या सेलिया ब्राउनेल आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दीड आणि दोन वर्षांच्या मुलांबद्दल लिहिलं. मुलापाशी खेळणी किंवा खाऊ, आणि समोरच्या ताईपाशी काहीच नाही, अशी ती मांडणी होती. वस्तू कोणाची आहे हे ज्या मुलांना चांगलं कळत होतं, ती जास्त देत होती, आणि हे वय नि भाषेचा हिशेब वेगळा काढल्यावरही टिकून होतं. म्हणजे ‘माझं’ ही समज वाटून घेण्याच्या आड येत नाही. वाटून घेणं तिच्यावरच उभं राहतं.

आता आठवडाभर न पाहिलेल्या खेळण्याचं कोडं. लहान मूल मालकी ठरवतं ते बरंचसं कोणाच्या हातात वस्तू आधी दिसली त्यावरून. पावती, वाढदिवसाची भेट, ‘बाबांनी आणलं’ हे पुढचं. मग हातातून सुटलेली वस्तू आपली उरली का, याची त्याला खात्री नसते. दिलेलं बिस्किट परत येत नाही, दिलेला डंपर परत येतो, आणि आपण मोठी माणसं दोन्हींना एकाच सुरात ‘दे बरं’ म्हणतो. ‘पाच मिनिटांनी मिळेल’ या शब्दांत त्याला धरता येईल असं काही नाही. शिवाय कोपऱ्यात पडलेल्या डंपरमध्ये माती भरून तो उलटा करता येतो, हे मावसभावाच्या हातात बघितल्यावरच त्याला नव्याने कळलेलं असतं.

एकुलता एक असण्याशी याचा संबंध फार थोडा आहे. हिल्डी रॉस यांनी दोन आणि चार वर्षांच्या भावंडांची घरातली भांडणं अभ्यासली, 1996 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. भावंडं असलेल्या घरांतही वस्तू कोणाची यावरून रोज वाद होते. मुलं स्वतः ‘ज्याची वस्तू त्याचा हक्क’ या नियमाला बऱ्यापैकी धरून होती, आई-वडिलांचे निवाडे मात्र एका नियमाने चालत नव्हते. तुमच्या जावांच्या मुलांचं म्हणाल, तर त्या घरात खेळणी थोडी होती आणि ती बहुतेक कोणा एकाची नव्हती, घराची होती. भांडणं अंगणात व्हायची आणि सात-आठ वर्षांची ताई किंवा दादा ती मिटवायचा. स्वयंपाकघरापर्यंत ती पोचत नव्हती. तुमच्या नातवाच्या नावाने वाढदिवसाला खोकी येतात आणि वर्षभर ‘हे तुझं, हे तुझं’ असं त्याला सांगितलं जातं. रविवारी तेच वाक्य त्याने खरं धरलं, इतकंच.

मग मागच्या रविवारी काय झालं ते त्याच्या बाजूने पाहा. डंपर मोठ्या माणसाने हातातून काढला. त्याला त्यातून दिसलं ते हे, की पाहुणा आला म्हणजे वस्तू जाते आणि ज्याच्या हातात जोर असतो तो ती घेतो. हे खरोखर त्याच्या मनात बसलं आहे का, हे ओळखायची खूण तुमच्या पत्रातच आहे. मावसभाऊ दारात असतानाच तो खेळणी गोळा करतो. अजून कोणी काही मागितलेलंही नसतं. म्हणून जबरदस्तीच्या बाबतीत मी तुमच्या सुनेच्या बाजूने आहे. वळण लावायला हवं या बाबतीत मात्र तुमच्या बाजूने, फक्त ते हिसकावण्यातून लागत नाही.

येता रविवार असा करून पाहा. मावसभाऊ यायच्या आधी नातवाला सोबत घेऊन त्याच्या जिवाच्या दोन वस्तू कपाटात वर ठेवा. निवड त्याची. ‘या आज कोणीच खेळायच्या नाहीत’ एवढंच सांगा. दोनच हं, सगळं कपाटात गेलं तर मुद्दाच राहत नाही. खाली अशा गोष्टी मांडा ज्या संख्येने भरपूर आहेत आणि ज्यांच्यावर कोणाचं नाव नाही : ठोकळे, रिकामे डबे, चमचे, परातीत मळलेली कणीक. पहिलं देणं इथे होऊ द्या. ब्राउनेल यांच्या प्रयोगात दीड वर्षांच्या मुलांना नुसत्या उतरलेल्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, काय हवंय ते उघड आणि पुन्हापुन्हा सांगावं लागत होतं. दोन वर्षांची मुलं आपणहून बरंच देत होती. तेव्हा ‘शहाण्यासारखं वाग’ म्हणू नका. ‘दादाकडे ठोकळा नाही, त्याला एक दे’ म्हणा. दहातला एक देणं त्याला जमतं. एकुलता एक डंपर देणं ही शेवटची पायरी आहे.

आणि डंपर कपाटात गेला नाही, त्यावर दोघांचे हात पडलेच, तर खाली बसा. डंपरवर तुमचा हात ठेवून तो नुसता थांबवा, काढून घेऊ नका. आधी नातवाला सांगा, ‘डंपर तुझा आहे.’ हे ऐकलं की पकड पुष्कळदा तिथेच थोडी सैल होते, कारण ज्यासाठी तो ओरडत होता ते कोणीतरी मान्य केलं. मग म्हणा, ‘दादाला एक फेरी हवी आहे. गॅलरीच्या दारापर्यंत नेईल आणि परत आणेल.’ मिनिटं मोजू नका, डोळ्यांना दिसेल असा शेवट द्या. तो तयार झाला आणि डंपर परत आला, की मोठ्याने सांगा : ‘आला बघ परत.’ हा परतीचा अनुभव पुन्हापुन्हा यावा लागतो. तो ‘नाही’ म्हणाला, तर ‘तुझं खेळून झालं की दे’ म्हणा आणि मावसभावाला दुसरं काही देऊन त्याच्यासोबत थोडा वेळ बसा. या वयात एका खेळण्यावर लक्ष फार टिकत नाही, डंपर थोड्या वेळाने आपोआप सुटतो. त्या क्षणी ‘झालं तुझं? आता दादाला देऊ या’ म्हणून तो नातवाच्याच हाताने द्या. मारामारी झाली तर मात्र हात धरून थांबवायचं आणि दोघांना वेगळं करायचं, तिथे वाट पाहायची नाही.

उलटा नियमही तितकाच ठाम ठेवा. मावसभावाने आणलेली गाडी त्याची. बागेतला झोका, बालवाडीतले ठोकळे कोणाचेच नाहीत, तिथे ज्याची पाळी तो खेळतो.

एक गोष्ट घरातल्या पुरुष मंडळींना नक्की सांगा. ‘हा चेंडू मी घरी नेतो हं’ म्हणून मुलाला चिडवायची आणि ते रडलं की हसायची आपल्याकडे सवय आहे. तसंच, ‘ऐकलं नाहीस तर शेजारच्या बाळाला देऊन टाकीन’ ही धमकी. वस्तू जाते की राहते हेच जे मूल शिकत आहे, त्याच्यापाशी ही थट्टा थट्टा राहत नाही. हे दोन्ही बंद झालं तर तुमचं निम्मं काम होईल.

पुढचा काळ अंदाजे असा असतो. जर्मनीतल्या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं, की बाहुला वस्तू उचलून न्यायला लागला तर दोन वर्षांची मुलं फक्त स्वतःची वस्तू जाताना हरकत घेतात, तीन वर्षांची मुलं दुसऱ्याची वस्तू जातानाही ‘ते त्याचं आहे!’ म्हणतात. स्वतःचं नुकसान होत असतानाही समान वाटणी करणं याहून बरंच उशिरा येतं. स्वित्झर्लंडमधल्या मुलांवर झालेल्या आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन-चार वर्षांची मुलं बहुतांश स्वतःपुरतं पाहत होती, समान वाटणीकडे कल दिसला तो सात-आठ वर्षांच्या मुलांत. सव्वादोन वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा आजच ठेवू नका.

डॉक्टरांकडे न्यावं असं तुमच्या पत्रात मला काही दिसत नाही. ‘माझं’ ओरडणं हे काळजीचं लक्षण नाही. काळजी करायची ती मूल दीड वर्षानंतरही बोटाने काही दाखवत नसेल, आवडलेली वस्तू ‘बघ’ म्हणून आपल्याकडे आणत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर. तसं असेल तर बालरोगतज्ज्ञांना लवकर दाखवावं, ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. चार वर्षांच्या पुढेही प्रत्येक वाद चावण्यावर, मारण्यावर जात असेल तेव्हाही सल्ला घ्यावा.