आधी हजेरीपट बघा

“मोबाइलचं व्यसन लागलंय” असं म्हणत पालक समुपदेशकाकडे येतात, तोवर घरात बहुतेक वेळा काहीतरी मोठं घडून गेलेलं असतं. आज मी एकाच घराबद्दल सांगणार आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगा नववीत. वडील एसटीत चालक, आठवड्यातल्या दोन-तीन रात्री मुक्कामी गाडीवर. आई घरी शिवणकाम करते, आजोबाही घरीच असतात. एका रात्री साडेअकराच्या सुमारास मुलगा बीजीएमआय खेळत होता. वडिलांनी दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा चालू मॅचमध्ये फोन हिसकावला आणि भिंतीवर आपटला. मुलाने त्यांना ढकललं. ते शिलाई मशीनवर आदळले, कोपर सुजलं. त्यानंतर मुलगा दोन दिवस धड जेवला नाही, आणि आईला म्हणाला, “मी नसलो की सुटाल सगळे.” त्या वाक्याने घाबरून आई-वडील शाळेत आले.

अशा वेळी मोबाइलचा विषय बाजूला ठेवायचा. मुलाला एकट्याला भेटायचं आणि सुरुवातीलाच सांगायचं, की तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला घरी सांगावं लागेल. मग सरळ विचारायचं. मी विचारलं, “असं म्हणालास तेव्हा मरून जावं असं मनात आलं होतं का? कसं, कधी, काही ठरवलं होतंस? याआधी स्वतःला कधी काही करून घेतलंस का?” विचारल्यामुळे मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचं त्याला हायसं वाटतं. तो म्हणाला, फार राग आला होता, पप्पांना दुखावायचं होतं, ठरवलेलं काही नव्हतं. उत्तर वेगळं असतं तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवायचं, तोवर मुलाला एकटं सोडायचं नाही आणि घरातली औषधं, शेतातली फवारणीची औषधं कुलपात ठेवायला सांगायची. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मी त्या दिवशी आईच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

आता त्या रात्रीच्या भांडणाकडे येऊ. या खेळाच्या एका पूर्ण मॅचमध्ये साधारण शंभर जण उतरतात, चौघांची एक टीम असते आणि शेवटपर्यंत टिकलं तर अर्धा तास जातो. मध्येच बाहेर पडलं की रँकचे गुण जातात आणि बाकीचे तिघं उघडे पडतात. हा मुलगा ‘क्राउन’वर होता, ‘एस’ला पोहोचायला थोडं राहिलं होतं, आणि टीमला सूचना देण्याचं काम त्याचं होतं. त्या क्षणी फोन हिसकावल्यावर उसळलेला राग किती खोल व्यसनाचा आहे, हे त्या रागावरून ठरवता येत नाही. कबड्डीच्या चढाईतून ओढून काढलं तरी मुलगा असाच उसळेल. पालक मात्र नेमका तोच राग पुरावा म्हणून सांगतात. हिसकावण्याचा दुसरा परिणाम अधिक वाईट असतो: मुलगा लपून खेळू लागतो. इथेही दोनच दिवसांत तो आजोबांच्या फोनवर आला होता, आणि ते कुणाला माहीत नव्हतं.

किती तास खेळतो, या प्रश्नाला मुलगा म्हणाला दोन तास, आई म्हणाली दिवसभर. दोन्हीवर विसंबायचं नाही. फोनची काच तडकली होती, फोन चालू होता. त्याच्या सेटिंगमध्ये Digital Wellbeing उघडलं की कोणत्या अॅपवर रोज किती वेळ गेला ते दिसतं. फोन आईचा, त्यामुळे त्यात तिच्या मालिका आणि शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा गृहपाठ हेही मिसळलेलं. म्हणून एकूण आकडा न बघता अॅपनुसार बघायचं. आम्ही शेजारी बसून बघितलं. गेम साधारण चार तास, त्याखेरीज यूट्यूबवर दुसऱ्यांचा गेम बघणं दोन तास. पण तास सगळ्या दिवशी सारखे नव्हते. काही दिवशी आकडा जवळजवळ दुप्पट होता. वडिलांनी खिशातून ड्युटीचा कागद काढला आणि तारखा जुळवल्या. ते सगळे मुक्कामाचे दिवस निघाले. वडील बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. अशा रात्री आई नऊला थकून झोपायची, आजोबांना नातवाला ओरडवत नव्हतं, आणि मुलगा दीड वाजेपर्यंत जागा असायचा. सकाळी सात वाजता शाळा. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, त्याला पाचही मिळत नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू आहे, ‘गेमिंग डिसऑर्डर’ला तासांची अट नाही. तीन गोष्टी बघतात. खेळ सुरू करणं, थांबवणं, किती वेळ खेळायचं यावरचा ताबा सुटला आहे का. खेळ इतर आवडी आणि रोजच्या कामांच्या पुढे गेला आहे का. नुकसान दिसत असूनही तो चालूच आहे किंवा वाढतो आहे का. शिवाय त्यामुळे अभ्यास, घर, मित्र यांत ठळक बिघाड असावा लागतो आणि हे साधारण बारा महिने चाललेलं असावं. फार तीव्र असेल तर कमी काळही धरतात. निदान करणं आपलं काम नाही, ते डॉक्टर करतील. आपण प्रत्येक मुद्द्याला घडलेलं उदाहरण मागायचं. “ताबा नाही” असं आई म्हणाली, तर मागच्या आठवड्यात थांबायचं ठरवून थांबता आलं नाही असं कधी झालं, ते मुलालाच विचारायचं. तो म्हणाला, गणिताच्या चाचणीच्या आदल्या रात्री एकच मॅच खेळणार होतो, चार झाल्या. हे उदाहरण झालं. बंद केलेली आवड कोणती, हेही विचारा. तो संध्याकाळी व्हॉलीबॉलला जायचा, ते सुटलं होतं.

समुपदेशक म्हणून आपल्या हाताशी एक गोष्ट असते जी दवाखान्यात नसते: हजेरीपट आणि गुणपत्रकं. ती काढा आणि तारखांचा क्रम लावा. गेममुळे अभ्यास बुडाला, असं सगळं घर म्हणत होतं. कागद वेगळं सांगत होते. हा मुलगा आठवीत सेमी-इंग्लिशच्या तुकडीत गेला. पहिल्याच घटक चाचणीत गणित आणि विज्ञानाचे गुण निम्म्यावर आले. गणिताचा तास असलेल्या दिवशीच्या गैरहजेऱ्या ऑगस्टपासून दिसतात. गेम मोबाइलमध्ये आला तो दिवाळीच्या सुट्टीत. म्हणजे वर्गात काही कळेनासं झालं ते आधी, आणि जिथे आपल्याला जमतं, चार जण आपलं ऐकतात अशी जागा सापडली ती नंतर. दरवेळी क्रम असाच निघेल असं नाही. कधी आधी झोप बिघडलेली असते, कधी उदासी असते, कधी लहानपणापासूनची चंचलता असते जी कुणी तपासून घेतलेली नसते. पण क्रम लावल्याशिवाय उपाय ठरवला, तर फोन जातो आणि न कळणारं गणित तसंच राहतं.

मग घरची बैठक. वडिलांची मागणी साधी होती: स्मार्टफोन बंद, बटणांचा फोन. गृहपाठ व्हॉट्सअॅपवर येत असल्याने ते टिकणारं नव्हतं. मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, की या घरात कोणती गोष्ट बदललेली तुम्हाला हवी आहे. आजोबांनी आपला फोन दिल्याचं तिथे कबूल केलं. मुलगा म्हणाला, पप्पांनी मॅच चालू असताना फोन ओढू नये. हे दोन्ही करारात आलं.

करार मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला, वहीच्या एका पानावर. खेळ मिनिटांत न मोजता मॅचमध्ये मोजायचा: शाळेच्या दिवशी दोन, रविवारी चार. शेवटची मॅच रात्री साडेआठच्या आत सुरू व्हायला हवी, ती संपली की फोन परत. दहा वाजता घरातले सगळे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, वडिलांचा आणि आजोबांचाही. पहाटेच्या ड्युटीसाठी वडिलांनी गजराचं घड्याळ आणलं. मॅच जास्त झाली तर दुसऱ्या दिवशी एक कमी. त्यापलीकडे शिक्षा नाही, ओरडणं नाही, महिनाभर बंदी नाही. शिक्षा लहान आणि आधी ठरलेली असेल तरच पालक ती दरवेळी पाळू शकतात. मुक्कामाच्या रात्री फळीची जबाबदारी आजोबांची. यूपीआयचा पिन आईने बदलला. आणि शाळेकडून: गणिताच्या सरांनी मधल्या सुट्टीआधीचा मोकळा तास त्याच्यासाठी दिला, आठवीच्या बीजगणितापासून, मराठीत समजावून.

पालकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी लागते. पहिले दहा-पंधरा दिवस चिडचिड वाढते, घासाघीस वाढते. करार फसल्याची ती खूण नाही. जुनी युक्ती अजून चालते का हे मुलगा तपासत असतो. त्या काळात एकदा जरी कुणी कंटाळून फोन दिला, तर जास्त आदळआपट केली की मिळतो, एवढंच तो शिकतो. इथे चौथ्या आठवड्यात सीझन संपत होता, वडील मुक्कामाला होते आणि मुलाने फळीवरचा फोन रात्री उचलला. आजोबांनी सकाळी फोनवरून वडिलांना कळवलं. वडील घरी आल्यावर एवढंच म्हणाले, “आज एक मॅच कमी.” त्यांना ते किती जड गेलं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. पुढच्या सीझनच्या शेवटच्या दोन दिवसांसाठी एक जादा मॅच करारात घातली, बदल्यात त्या दिवशीचं यूट्यूब बंद.

दोन महिन्यांनी गेम दीड तासाच्या आसपास होता, झोप साडेसात तासांवर आली होती, व्हॉलीबॉल आठवड्यातून तीन दिवस. गणितात तो पास झाला, फार पुढे गेला नाही. यूट्यूब पुरतं आटोक्यात आलं नाही.

असं सगळीकडे शाळेच्या पातळीवर निभत नाही. जिवाचं बोलणं, हाणामारी, आठवडेच्या आठवडे शाळा बुडणं, पैसे लावून खेळणं आणि उधारी, चंचलतेचा किंवा उदासीचा संशय, किंवा सहा-आठ आठवडे करार नीट पाळूनही काहीच न हलणं, यातलं काही असेल तर पुढे पाठवा. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात दाखवता येतं. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून याच विषयाचं ‘शट’ क्लिनिक आहे. पाठवताना चिठ्ठीत “मोबाइल व्यसन” एवढंच लिहू नका. अॅपनुसार आठवड्याचा वेळ, झोपेच्या वेळा, हजेरी आणि गुणांच्या तारखा, जिवाबद्दल काय विचारलं आणि मुलाने काय उत्तर दिलं, घरात काय करून पाहिलं आणि ते किती दिवस टिकलं, हे लिहा. डॉक्टरांकडे पहिल्या भेटीत वेळ थोडा असतो, आणि यातलं बरंचसं त्यांना तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही.