मळणी यंत्राची चित्रफीत : आकडे कसे दाखवावेत?

सोयाबीन बियाणे तयार करणाऱ्या कंपन्या मळणी यंत्र घाईने घेत नाहीत. त्यांच्यासाठी तीन मिनिटांच्या चित्रफितीची संहिता मोजमापांच्या क्रमाने लिहावी.

प्रथम आर्द्रतामापक दाखवावा. दाण्यात १३ टक्के ओलावा असल्यास ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४०० ठेवून फेरेमापक जवळून दाखवावा. नंतर घड्याळ समोर ठेवून १० मिनिटे मळणी करावी. मधला भाग वगळल्यास तसे सांगावे आणि संपूर्ण चित्रण वेगळे द्यावे. नाहीतर शंका येते.

समजा, स्वच्छ दाणे ७५ किलो मिळाले, म्हणजे ताशी ४५० किलो. सर्व भुसा ताडपत्रीवर घेऊन चाळावा. त्यात दीड किलो दाणे निघाले, तर एकूण ७६.५ किलोपैकी नुकसान सुमारे २ टक्के झाले.

शेवटी नमुन्यातील फुटके दाणे वेचून तोलावेत. बियाण्याच्या सालीला झालेली बारीक इजा मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याच नमुन्याची उगवण चाचणी करून निकाल जोडावा. हे आकडे याच ओलाव्याचे आहेत, हेही स्पष्ट सांगावे. अन्यथा जास्त ओल्या किंवा वाळलेल्या पिकात यंत्र चालवून पाहताच खरेदीदाराचा विश्वास उडेल.