डिमांड पॉइंट नेमका कुठला?

भिवंडीजवळच्या एका गोदामाची स्प्रिंकलरची फाइल तपासायला माझ्याकडे आली होती. पहिल्याच पानावर निकाल छापलेला होता: मागणी ४,५५० लिटर प्रति मिनिट, ६.७५ बार, पंप ४,५५० लिटर प्रति मिनिट, ८८ मीटर हेड, शिल्लक दाब जवळजवळ दोन बार. खाली ‘सुरक्षित’ असा शेरा. ठेकेदाराचा इंजिनिअर खुशीत होता. म्हणाला, “सर, फ्लो तर तंतोतंत जुळलाय.” मला खटकलं ते नेमकं हे जुळणंच. हिशेब खरा असेल तर मागणीचा आकडा पंपाच्या नेमप्लेटवरच्या आकड्याशी सहसा असा जुळत नाही.

गणित चुकलं नव्हतं, हे आधी सांगतो. सॉफ्टवेअरनं केलेली बेरीज-वजाबाकी बरोबर होती. घोळ होता तो तुलना कुठे करायची याचा, आणि हा घोळ मला पुन्हा पुन्हा दिसतो. म्हणून तो हिशेब इथे उलगडून मांडतो.

गोदामाचं छत ९.१ मीटर उंच, माल रॅकमध्ये ७.६ मीटरपर्यंत, खोक्यांमध्ये पॅक केलेला. रॅकच्या आत स्प्रिंकलर नकोत म्हणून छताला ईएसएफआर जातीचे, के-२०० चे स्प्रिंकलर लावायचं ठरलं होतं. अशा मांडणीला एनएफपीए १३ सांगतं की शेवटच्या स्प्रिंकलरवर किमान ३.५ बार दाब हवा आणि एका वेळी बारा स्प्रिंकलर चालू आहेत असं धरून हिशेब करायचा: तीन ब्रांच लाइन, प्रत्येकीवर चार.

सुरुवात सर्वात दूरच्या स्प्रिंकलरपासून होते. Q = K√P, म्हणजे २०० गुणिले ३.५ चं वर्गमूळ, म्हणजे मिनिटाला ३७४ लिटर. ‘३७४ गुणिले बारा’ करून ४,४९० वर थांबणारे लोक असतात, पण पाणी तसं वागत नाही. शेवटच्या स्प्रिंकलरला ३.५ बार मिळायचे तर त्याच्या अलीकडच्याला पाइपमधल्या घर्षणाइतका जास्त दाब मिळणारच, आणि दाब जास्त म्हणजे पाणीही जास्त. ६५ एनबीच्या ब्रांच लाइनवर तीन-तीन मीटर अंतरानं येताना चौथ्या स्प्रिंकलरवर दाब ३.७ बारच्या आसपास जातो आणि तो ३८६ लिटर घेतो. असे बारा मिळून ४,५५० होतात. इथवर फाइल बरोबर होती.

पुढे चौथ्या स्प्रिंकलरपासून मेन पाइपपर्यंत, फिटिंगची समतुल्य लांबी धरून, बारा मीटरचा तुकडा. एका लाइनचं सगळं पाणी, सुमारे १,५१० लिटर, त्या ६५ एनबीमधून जातं आणि एवढ्याशा तुकड्यात जवळजवळ ०.९५ बार खर्च होतात. मग १५० एनबीचा मेन पाइप, अलार्म व्हॉल्व्ह, आणि जमिनीपासून स्प्रिंकलरपर्यंतच्या उंचीचे ०.८६ बार. सगळं मिळून राइझरच्या तळाशी ६.७५ बार. फाइलमधला डिमांड पॉइंट हा होता.

पण राइझरच्या तळाशी पंप नव्हता. पंप-घर प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये २०० एनबीची जमिनीखालची लाइन, फिटिंग धरून अडीचशे मीटर. शिवाय त्याच लाइनवर हायड्रंट. स्प्रिंकलर चालू असताना अग्निशमन दलाचे लोकही होज लावणार, त्यासाठी मिनिटाला ९५० लिटर वेगळे धरायचे असतात. ते धरलेच नव्हते. म्हणजे पंपाला ४,५५० नव्हे, ५,५०० लिटर द्यायचे होते, आणि त्या अडीचशे मीटरमधून तेवढंच पाणी वाहणार होतं. घर्षण प्रवाहाच्या १.८५ व्या घातानं वाढतं, त्यामुळे त्या लाइनीत ०.६६ नव्हे, ०.९४ बार जातात. पंप-घरातल्या व्हॉल्व्ह आणि बेंडचे पाव बार धरले की पंपाच्या डिस्चार्ज फ्लँजवर मागणी होते ५,५०० लिटर, ७.९४ बार. पंपाच्या कर्व्हवर ठेवायचा तो हा बिंदू.

आता पंपाकडे. ८८ मीटर हेड म्हणजे ८.६३ बार, ८.८ नव्हे, आपल्याकडचे जुने प्रेशर गेज किलोमध्ये असतात आणि लोक किलो आणि बार एकच समजतात. पण खरी गोष्ट पुढची. हे ८८ मीटर फक्त ४,५५० लिटरला. एनएफपीए २० नुसार अशा पंपाला दीडपट प्रवाहावर रेटेड हेडच्या ६५ टक्के हेड दिलं तरी चालतं, आणि बंद व्हॉल्व्हवर १४० टक्क्यांपुढे जायचं नाही. म्हणजे ६,८२५ लिटरला हा पंप ५७ मीटरवर आला तरी तो नियमात बसतो. ‘पंप दीडपट देतो’ हे वाक्य साइटवर फार ऐकू येतं; दीडपट पाणी देताना दाब किती पडतो, हे त्यासोबत क्वचितच ऐकू येतं.

मी त्यांच्याकडे त्याच पंपाचा वर्क्स टेस्ट रिपोर्ट मागितला. फाइलमध्ये कॅटलॉगचं पान लावलेलं होतं. कॅटलॉगमधला कर्व्ह बहुतेक वेळा पूर्ण व्यासाच्या इंपेलरचा असतो. ऑर्डरप्रमाणे इंपेलर तासून दिलेला असेल तर तो कर्व्ह आपल्या पंपाचा नव्हेच. टेस्ट रिपोर्टमधल्या बिंदूंवरून रेघ काढली तेव्हा ५,५०० लिटरला साडेसात बार मिळत होते. दोन बार शिल्लक म्हणणाऱ्या फाइलमध्ये प्रत्यक्षात ०.४४ बारची तूट होती.

तो इंजिनिअर म्हणाला, “सर, एवढ्यानं काय होतंय?” प्रश्न अगदीच वावगा नव्हता. पंपावरची ०.४४ बारची तूट स्प्रिंकलरवर जशीच्या तशी पोचत नाही. दाब कमी पडला की सगळ्यांचा प्रवाह थोडा कमी होतो, पाइपमधलं घर्षणही घटतं, पंप कर्व्हवर थोडा वर सरकतो, आणि दोन रेघा जिथे छेदतात तिथे यंत्रणा स्थिरावते. मी काढून पाहिलं तर शेवटच्या स्प्रिंकलरवर सुमारे ३.३ बार राहत होते. पण ईएसएफआरचं काम आग आटोक्यात ठेवण्याचं नाही, ती दाबून टाकण्याचं आहे. वर उसळणाऱ्या गरम धुराला भेदून मोठे थेंब मालापर्यंत पोचायला हवेत, आणि त्यासाठी किती दाब लागतो हे प्रत्यक्ष आगीच्या चाचण्यांवरून ठरलेलं आहे. त्याखाली काय होईल याची कोणी हमी देत नाही. शिवाय हे ३.३ बार कागदावरचे. डिझेल इंजिन १,५०० ऐवजी १,४५० फेऱ्यांवर चाललं, तर हेड फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं, म्हणजे साडेसहा-सात टक्के. साडेसात बारमधला अर्धा बार तिथेच गेला.

मोठा पंप घ्या, हा सल्ला सगळ्यात आधी येतो आणि तो मला बहुतेक वेळा आवडत नाही. मोठा पंप म्हणजे मोठं इंजिन, मोठं पॅनेल, मोठी टाकी. आधी दाब कुठे खर्च होतोय ते पाहावं. इथे तर तो उघड दिसत होता: बारा मीटरच्या ६५ एनबी तुकड्यात. पाइपच्या आतल्या व्यासाच्या ४.८७ व्या घातानं घर्षण कमी होतं. ब्रांच लाइन ८० एनबीची केली तर घर्षण निम्म्याहून खाली येतं, आणि मागणी सुमारे ०.६५ बारनं उतरून ७.३ वर येते. तूट भरून निघाली, पण हाती उरले जेमतेम ०.२ बार, आणि त्यावर मी सही करत नाही. निदान अर्धा बार तरी हातात हवा, हे माझं मत आहे, कुठल्या नियमाचं कलम नव्हे.

उरलेलं काम यार्डातल्या लाइनीनं केलं. ड्रॉइंगमध्ये ती रिंग होती, साइटवर मात्र मागच्या बाजूचा तुकडा जोडायचा राहिला होता. रिंग पूर्ण झाली की पाणी दोन्हीकडून येतं. दोन्ही बाजू साधारण सारख्या असतील तर प्रत्येक बाजूत निम्मा प्रवाह आणि घर्षण एक-चतुर्थांशाच्या जवळ, ०.९४ चे पाव बार होतात. मागणी ६.६ बारवर आली, पंप तोच राहिला. फक्त एक धोका उरतो: रिंगवरचा एखादा व्हॉल्व्ह कुणी बंद ठेवला की आपण पुन्हा जुन्या हिशेबावर येतो. म्हणून ते व्हॉल्व्ह उघडे ठेवून साखळी-कुलूप लावायला सांगितलं.

दूरच्या बारा स्प्रिंकलरांचा हिशेब झाला की लोक फाइल मिटतात. पण आग पंपाच्या जवळच्या कोपऱ्यात लागली तर? तिथे वाटेत दाब फारसा खर्च होत नाही, त्यामुळे स्प्रिंकलर जास्त पाणी ओढतात आणि पंप कर्व्हवर उजवीकडे सरकतो. या गोदामात जवळच्या भागासाठी छेदनबिंदू ५,९०० लिटरवर येत होता. टाकी ५,५०० लिटर गुणिले साठ मिनिटं, म्हणजे ३३० घनमीटरची धरलेली होती. एक तास टिकायला ३५४ हवे होते. आणि हे मोजायचं ते वापरता येणारं पाणी. सक्शन पाइपच्या खालचं, पंपाला ओढता न येणारं पाणी टाकीच्या आकारमानात दिसतं, पण आगीच्या वेळी मिळत नाही. सक्शनचा दाबही टाकी भरलेली असतानाचा न धरता पाणी संपत आल्यावरचा धरावा.

तुमच्याकडे अशी फाइल आली तर पहिल्या पानावरचा शेरा वाचू नका. डिमांड पॉइंट कुठल्या नोडवरचा आहे ते शोधा. तो पंपाच्या फ्लँजवरचा नसेल तर मधली लाइन, होजचं पाणी आणि उंची त्यात मिळवायची आहे. मग पंपाच्या स्वतःच्या टेस्ट रिपोर्टचे निदान तीन बिंदू, म्हणजे बंद व्हॉल्व्ह, १०० टक्के आणि १५० टक्के, त्याच आलेखावर मांडा.

साइटवर पंप सुरू करून गेज दहा किलो दाखवतंय म्हणून खूश होणारे बरेच भेटतात. तो बंद व्हॉल्व्हचा दाब असतो. तेव्हा पाणी वाहतच नसतं. टेस्ट लाइन उघडून फ्लो मीटरवर ५,५०० आणा, इंजिनच्या फेऱ्या नोंदवा, आणि मग डिस्चार्ज आणि सक्शन दोन्ही गेज वाचा. या गोदामात सुधारणेनंतर मी तेच करायला लावलं. डिझेल पंपावर फेऱ्या १,४८० निघाल्या, दाब ७.२ बार. मागणी ६.६ होती, म्हणून फाइलवर सही केली, पण गव्हर्नर नीट लावून १,५०० फेऱ्यांवर पुन्हा चाचणी घ्या असा शेरा सहीच्या वर लिहिला.