नोंदवही टाइप करून घेताना: पाच पानांवरून वेळ आणि मोबदला

गावातल्या सार्वजनिक वाचनालयाला जुनी दाखल नोंदवही एक्सेलमध्ये टाइप करून हवी असते. कार्यकारिणीतले कोणीतरी त्यातल्या त्यात स्वच्छ पानाचा फोटो काढून ऑपरेटरला पाठवते आणि विचारते, ‘पानाला किती घ्याल?’ ऑपरेटर अंदाजाने आकडा सांगतो. महिनाभरात दोघांचेही बिनसते, कारण पान हे या कामाचे मापच नाही. काम नोंदींचे असते, आणि एक नोंद टाइप करायला किती वेळ लागतो हे त्या पानावरच्या अक्षरावर ठरते.

उदाहरण म्हणून 240 पानांची नोंदवही घेऊ. पानावर 25 नोंदी, म्हणजे एकूण 6,000 पुस्तके. रकाने नऊ: दाखल क्रमांक, तारीख, लेखक, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष, पाने, किंमत, वर्गांक. नमुना पाने आपल्या पसंतीने निवडायची नाहीत. 10व्या पानापासून सुरुवात करून दर 50 पानांनी एक घ्या: 10, 60, 110, 160, 210. पान फाटके निघाले, डाग पडलेला असला, तरी तेच घ्यायचे.

ही पाच पाने ऑपरेटरने घड्याळ लावून टाइप करावीत आणि त्या कामाचे पैसे त्याला वेगळे द्यावेत. टाइप झाल्यावर शेजारच्या रिकाम्या खान्यात हे सूत्र टाकले की पानावर किती अक्षरखुणा आहेत ते कळते:

```
=SUMPRODUCT(LEN(A2:I26))
```

युनिकोड मराठीत हा आकडा कळा दाबण्याच्या संख्येच्या बराच जवळ जातो. ‘पुस्तक’ हा शब्द एक्सेल सहा मोजतो, कारण उकार आणि हलन्त वेगळे धरले जातात. इन्स्क्रिप्ट कळफलकावरही तो सहा कळांचाच आहे. समजा, एका पानाचे उत्तर 2,000 आले. त्यात दर खान्यामागे एक टॅब किंवा एंटर, म्हणजे 225 कळा मिळवा. पाच कळांचा एक शब्द धरला, तर सरकारी टायपिंग परीक्षेतल्या मिनिटाला 30 शब्दांच्या वेगाने हे पान 15 मिनिटांत व्हायला हवे.

ते तेवढ्यात होत नाही. परीक्षेत सलग, छापील मजकूर समोर असतो. इथे नजर दर दोन-तीन सेकंदांनी वहीवरून पडद्यावर जाते, ओळ चुकू नये म्हणून पट्टी सरकवावी लागते, लेखकाचे आडनाव लागत नाही म्हणून थांबावे लागते. म्हणून कळांच्या हिशेबावर विसंबू नका, घड्याळाने दाखवलेला वेळ धरा. आपल्या उदाहरणात 110, 160 आणि 210 या पानांना 36, 34 आणि 38 मिनिटे लागली. 10 आणि 60 या पानांना मात्र 58 आणि 66.

हा फरक कुठून आला ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. जुन्या पानांवर शाई फुटलेली आहे, हे एक कारण. दुसरे कारण किमतीच्या रकान्यात आहे. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. त्याआधीच्या किमती रुपये-आणे-पै अशा लिहिलेल्या आहेत. 2-8-0 म्हणजे दोन रुपये आठ आणे, आजच्या भाषेत अडीच रुपये. ते तसेच टाइप केले तर एक्सेल त्याला तारीख समजून बसू शकतो. तारखांचीही गत तीच: 5-7-28 असे लिहिले की 1928 ऐवजी 2028 साल पडते. शिवाय जुन्या कारकुनांनी प्रकाशकाखाली सरळ ‘वरीलप्रमाणे’ची खूण केलेली असते. ती जागा वहीत रिकामी वाटली, तरी एक्सेलमध्ये नाव पूर्ण भरावेच लागते, नाहीतर क्रमवारी लावली की त्या पुस्तकाचा प्रकाशक हरवतो. Ctrl+D ने वरचा खाना खाली उतरतो, पण तेवढा वेळ जातोच.

तेव्हा वही चाळून अवघड पाने मोजा. आपल्या वहीत ती पहिली 72 निघाली. उरलेली 168 सोपी. सोप्या पानांची सरासरी 36 मिनिटे, अवघड पानांची 62. सोप्या पानांची 6,048 मिनिटे आणि अवघड पानांची 4,464 मिळून होतात सुमारे 175 तास. पाचही पानांची सरसकट सरासरी काढली असती तर 186 तास आले असते आणि ग्राहकाला दहा-अकरा तासांचा भुर्दंड पडला असता, कारण पाचांत दोन पाने अवघड आली, वहीत मात्र दहांत तीनच आहेत. आणि त्या एका स्वच्छ, 34 मिनिटांच्या पानावर भरवसा ठेवला असता, तर 136 तासच धरले गेले असते आणि ऑपरेटर जवळपास 40 तास फुकट राबला असता.

आता तपासणी. एकाने वहीतून वाचायचे, दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे, ही जुनी पद्धत आजही चालते. वाचायला वाचनालयाचा माणूस बसला, तरी ऑपरेटरची पानामागे दहा मिनिटे जातात. त्याचे 40 तास झाले. सुरुवातीची मांडणी आणि शंका विचारण्यासाठी पाच तास धरले की एकूण 220. नमुना पाचच पानांचा असल्याने हा आकडा 200 ते 240 असा सांगणे प्रामाणिकपणाचे. दिवसभर नमुना पानाच्या वेगाने कोणी टाइप करत नाही. दिवसाला पाच तास धरले तर 44 कामाचे दिवस लागतील. ‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणणाऱ्याला काम देण्याआधी तपासणी कोण करणार ते विचारा.

मोबदला तासावरून काढावा आणि नोंदीवर ठरवावा. समजा, तासाला 100 रुपये मान्य झाले, तर काम 22,000 रुपयांचे. अवघड पानाला तपासणीसह 72 मिनिटे, म्हणजे 120 रुपये, नोंदीला 4 रुपये 80 पैसे. सोप्या पानाला 46 मिनिटे, नोंदीला साधारण 3 रुपये 7 पैसे. पाच तासांचे 500 वेगळे. कोणी पानाला 30 रुपये सांगितले तर हाच हिशेब उलटा करा: 7,200 भागिले 220, तासाला 33 रुपयेही नाहीत. दर ठरवताना आपल्या भागात दुकाने व आस्थापनांसाठी लागू असलेले किमान वेतन तासावर आणून पाहा आणि दर त्याच्या वर ठेवा, कारण संगणक, वीज आणि सुटीचा दिवस हे सगळे ऑपरेटरच्याच खिशातून जाते. त्याहून स्वस्तात काम मिळाले, तर जी काटछाट होते ती बहुधा तपासणीत होते.

कागदावर चार गोष्टी घ्या. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेली यादी तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही आणि तिची अकारविल्हे क्रमवारीही लागत नाही. किमतीचा रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून आणे-पै वहीत आहेत तसेच उतरवायचे. दशमानात बदल नंतर, वेगळ्या रकान्यात. तारखेत वर्ष चार आकडी. आणि न लागलेले अक्षर अंदाजाने भरायचे नाही, खान्याला पिवळा रंग द्यायचा. अशा खान्यांचे पैसे पूर्ण द्यावेत. ते कापले तर ऑपरेटर अंदाज करू लागतो आणि ती चूक नंतर सापडत नाही.

पहिल्या 500 नोंदी, म्हणजे 20 पाने झाल्यावर थांबून लागलेला वेळ पुन्हा पाहावा. ही पाने अवघड आहेत, तेव्हा 62 मिनिटांशीच तुलना करायची. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर दर तोच ठेवून त्या टप्प्याचे पैसे चुकते करा. जास्त असेल तर दर त्याच दिवशी नव्याने ठरवा, ऑपरेटरच्या बाजूने असो की वाचनालयाच्या.