शनिवार, रात्री ९

ये, बस. फ्लेक्सवाल्याकडे जायच्या आधी माझ्याकडे आलास हे बरं केलंस. एकदा छापून आलं की मग कुणी ऐकत नाही.

आमच्या वेळी फ्लेक्स नव्हता. मंडळाचे बोर्ड मीच रंगवायचो, आणि अक्षर वळणदार म्हणून मिरवायचोही. एका वर्षी नाटकाचा खेळ १९ तारखेला होता. मी ९ चं शेपूट असं काही ऐटीत वळवलं की लांबून ते १ दिसायला लागलं. वार लिहिलाच नव्हता. शेलवडकडची माणसं ११ तारखेलाच घोंगड्या घेऊन हजर! पटांगणात फक्त शेळ्या. तेव्हापासून मी तारखेच्या आधी वार लिहितो. आकडा चुकीचा वाचला गेला, तरी वार माणसाला अडवतो. महिनाही अक्षरांत लिही, २४/१ असं नको. वेळेला ‘सायं.’, ‘रा.’ असली अर्धीमुर्धी अक्षरं कशाला? सरळ ‘रात्री ९’ लिही. रात्री १ वाजता नाटक सुरू होत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

आता मोजमाप. लांबून सहज वाचायचं असेल, तर दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर धर. एसटी स्टँडवर माणूस चाळीस फुटांवर गाडीची वाट बघत उभा असतो, म्हणजे तारखेचं अक्षर चार इंच. तुझा फ्लेक्स तीन बाय चार फुटांचा, म्हणजे रुंदी छत्तीस इंच. ‘शनिवार, २४ जानेवारी, रात्री ९’ हे एका ओळीत चार इंचांनी बसणारच नाही. तिथे फ्लेक्सवाला अक्षर बारीक करतो आणि घात होतो. अक्षर बारीक नको, ओळ तोड. वर ‘शनिवार, रात्री ९’, खाली ‘२४ जानेवारी’. आपल्या अक्षराला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार. म्हणून चार इंचांच्या ओळीला सहा इंच जागा दे, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीत घुसते.

अठ्ठेचाळीस इंच उंचीचा हिशेब असा धर: नाटकाच्या नावाला बारा, तारखेच्या दोन ओळींना बारा, ठिकाणाला आठ, तिकिटाला सहा. उरले दहा. वर-खाली एकेक इंच मोकळा सोड आणि शेवटचे आठ इंच सौजन्याला.

हे आठ इंच आधी ठरवून ठेव. खरी मारामारी इथेच होते. अध्यक्ष म्हणतात, साहेबांचा फोटो वर घ्या. मग दुसरे साहेब रुसतात. बघता बघता अर्धा फ्लेक्स चेहऱ्यांनी भरतो आणि तारीख कुणाच्या तरी खांद्याजवळ जाऊन बसते. वर्गणी मागतानाच सांगून टाक की सगळ्यांची नावं खालच्या पट्टीत, एकाच मापाची. एकाला वर घेतलंस की संपलं.

कलाकुसरीची हौस नाटकाच्या नावात फेड. मुंबईत कमल शेडगे नाटकांची नावं अशी रेखाटायचे की अक्षरावरूनच नाटकाचा स्वभाव कळायचा. तारीख, ठिकाण आणि तिकीट मात्र साध्या, ठसठशीत अक्षरात, पिवळ्यावर काळं. लाल रंग दुपारी उठून दिसतो, पण दिवेलागणीला सगळ्यांत आधी तोच काळा पडतो, आणि स्टँडवर गर्दी तर तेव्हाच असते.

ठिकाणात ‘नेहमीच्या जागी’ लिहू नकोस. जामठीच्या माणसाला तुमची नेहमीची जागा काय माहीत? पटांगणाचं नाव लिही आणि खाली एक खूण दे, स्टँडकडून येताना दिसणारी.

तिकिटाचं म्हणशील, तर ‘देणगी प्रवेशिका’ म्हणायची पद्धत आहे, पण तेवढंच लिहिलंस की लोकांना वाटतं, द्यायचे तर द्या. मग बायकापोरांसह आलेला माणूस दारात खिसा चाचपतो आणि ओशाळून परत फिरतो. ‘तिकीट ₹५०, मुलांना ₹२०’ असं लिही, आणि किती वर्षांपर्यंतचं मूल तेही. तिकीट कुठे मिळेल ते त्याच पट्टीत बारीक चालेल. ज्याला यायचं आहे तो जवळ जाऊन वाचतो.

मोबाइलवरचा मजकूर फ्लेक्सवाल्याच्या फॉन्टमध्ये गेला की कधी कधी जोडाक्षरं फुटतात. म्हणून कागदावर हातानं लिहूनही दे, आणि प्रूफ त्या कागदाशी ताडून बघ. फोन नंबर नुसता वाचू नकोस, प्रूफवरून बघून लावून बघ.

आणि ते प्रूफ मला दाखवू नकोस. मला सगळं आता पाठ आहे, मी चुकीचंही बरोबर वाचीन. कागदावर छोटं काढून भिंतीला लाव. चार फुटांवर उभं राहिलं की स्टँडवरचे चाळीस फूट झाले, म्हणून कागद दहावा हिस्सा काढ: साडेतीन बाय पावणेपाच इंच. जामनेरच्या गाडीला थांबलेल्या एखाद्या अनोळखी माणसाला तिथे उभं कर, पाच आकडे मोज, कागद झाक. मग विचार, कधी, कुठे, किती? त्यानं नाटकाचं नाव आधी सांगितलं तर चालेल. साहेबांचं सांगितलं, तर परत ये.