फ्लूला अमॉक्सिक्लॅव्ह का लागू पडत नाही

मार्च २०२३ मध्ये दिल्ली-नोएडात घरोघरी ताप-खोकला होता. साथ मुख्यतः एच३एन२ फ्लूची होती. आमच्याकडे सासऱ्यांना, नानांना, ताप भरला आणि दिरांनी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय अमॉक्सिक्लॅव्ह ६२५ ची स्ट्रिप आणली. ताप हटला नाही, जुलाब मात्र सुरू झाले आणि नानांना उठून बसवेना. पुढे ताप उतरला तेव्हा दीर म्हणाले, "वहिनी, गोळी लागू पडली बघा!"

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. ताप उतरला तो शरीराच्या प्रतिकारशक्तीने, हे मी त्यांना समजावलं, तेच इथे सांगते.

औषधाला पकडायला काहीतरी लागतं. जीवाणू ही पूर्ण पेशी असते. तिच्याभोवती भक्कम भिंत असते आणि वाढताना तिचे धागे सतत जोडले जातात. अमॉक्सिक्लॅव्हमधलं अमॉक्सिसिलिन ही जोडणी करणारं विकर बंद पाडतं. भिंत कमकुवत होते आणि आतल्या दाबाने जीवाणू फुटतो. अझिथ्रोमायसिन भिंतीला हात लावत नाही, ते जीवाणूच्या रायबोसोमला चिकटून त्याची प्रथिननिर्मिती थांबवतं.

फ्लूच्या विषाणूकडे यातलं काहीच नाही. आकाराने तो जीवाणूच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. आत आरएनएचे आठ तुकडे आणि काही प्रथिनं, बाहेर आपल्याच पेशीकडून घेतलेलं स्निग्ध आवरण. भिंत नाही, रायबोसोम नाही. प्रथिनं तो आपल्या पेशीतल्या रायबोसोमकडून करून घेतो आणि या रायबोसोमची घडण वेगळी असल्याने अझिथ्रोमायसिन तिथे चालत नाही. मग गोळीचा मारा होतो तो आतड्यातल्या उपयोगी जीवाणूंवर. जुलाब होतात, आणि जे जीवाणू औषधाला दाद देत नाहीत ते मागे उरून वाढतात.

त्याच महिन्यात इंडियन मेडिकल असोसिएशननेही डॉक्टरांना सांगितलं होतं की, या तापावर लक्षणांपुरते उपचार करा, अँटिबायोटिक देऊ नका.

घरात असा ताप आला तर पॅरासिटामॉल, भरपूर पाणी आणि विश्रांती द्या. खोकला तीन आठवडेही रेंगाळतो, तेवढ्यावरून गोळी बदलू नका. वृद्ध, गर्भवती किंवा दमेकरी असेल तर दोन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. कारण फ्लूवरचं ऑसेल्टामिविर हे औषध विषाणूच्या पृष्ठभागावरच्या न्युरामिनिडेजला पकडतं, आणि लवकर सुरू केलं तरच त्याचा चांगला उपयोग होतो.

ताप उतरून पुन्हा चढला, धाप लागली, छातीत दुखू लागलं, तर फ्लूमागून जीवाणूंचा न्यूमोनिया झालेला असू शकतो. तेव्हा थांबू नका, तडक दवाखान्यात जा. तपासणीनंतर डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ते सांगितलेल्या मात्रेत, सांगितले तितके दिवस घ्या. तिथे औषधाला पकडायला भिंत असते.