संयुक्त आणि प्रयोजक क्रियापदांची ओळख

'अधोरेखित क्रियापदाचा प्रकार ओळखा' असा प्रश्न परीक्षेत आला की विद्यार्थी बहुधा क्रियापदाच्या बाह्य रूपाकडे पाहतो. दोन क्रियावाचक शब्द शेजारी दिसले की तो 'संयुक्त' म्हणतो, आणि धातूच्या शेवटी 'व' आढळला की 'प्रयोजक' म्हणतो. या दोन्ही खुणा अपुऱ्या आहेत. रूप सारखे असूनही अर्थ भिन्न असू शकतो, आणि निर्णय अर्थावरच करावयाचा असतो.

प्रथम संयुक्त क्रियापद पाहू. कृदन्त आणि सहायक क्रियापद मिळून जेव्हा एकाच क्रियेचा बोध होतो, तेव्हा त्या जोडीस संयुक्त क्रियापद म्हणतात. पुढील दोन वाक्ये घ्या :

१. पाहुणे जेवून गेले.
२. झाड वाळून गेले.

पहिल्या वाक्यात पाहुणे जेवले आणि नंतर निघून गेले. क्रिया दोन आहेत, म्हणून 'गेले' हे येथे स्वतंत्र क्रियापद असून 'जेवून' हे केवळ कृदन्त आहे. दुसऱ्या वाक्यात झाड कोठेही गेले नाही. ते वाळले, एवढीच क्रिया घडली. 'गेले' या शब्दाने ती पूर्णत्वास पोहोचल्याचे सुचविले. म्हणून 'वाळून गेले' हे संयुक्त क्रियापद होय.

याची खात्री करण्याचा सोपा उपाय म्हणजे दोन शब्दांच्या मध्ये दुसऱ्या क्रियेला लागणारा शब्द घालून पाहणे. 'पाहुणे जेवून गावाला गेले' हे वाक्य सहज होते. 'झाड वाळून गावाला गेले' असे कोणी म्हणणार नाही. काही वाक्ये मात्र दोन्हीकडे झुकतात. 'त्याने पत्र लिहून टाकले' याचा अर्थ पत्र एकदाचे लिहून संपविले असा घेतला, तर क्रियापद संयुक्त ठरते. लिहून पेटीत टाकले असा घेतला, तर ठरत नाही. अशा वेळी मागचापुढचा संदर्भ पाहिल्यावाचून उत्तर देता येत नाही.

आता प्रयोजक क्रियापदाकडे वळू. कर्ता स्वतः क्रिया न करता ती दुसऱ्याकडून करवितो, तेव्हा हे क्रियापद येते. 'आजी नातवाला चालवते' या वाक्यात चालतो नातू, चालविणारी आजी. पण 'आजीला आता चालवते' या वाक्यात कोणी कोणाला चालवीत नाही. चालणारी आजीच आहे, आणि तिला चालण्याची शक्ती आली आहे, एवढेच सांगावयाचे आहे. हे शक्य क्रियापद होय. जुन्या वळणाच्या लेखनात प्रयोजक रूप पुष्कळदा 'चालविते' असे लिहीत, त्यामुळे भेद डोळ्यांना दिसे. आज दोन्ही ठिकाणी 'चालवते' लिहिले जाते, त्यामुळे ती खूण उरलेली नाही.

येथे आजीच्या जागी आजोबांना आणून पाहावे. 'आजोबा नातवाला चालवतात' : क्रियापद बदलले, कारण ते करविणाऱ्या कर्त्याच्या मागे जाते. 'आजोबांना आता चालवते' : क्रियापद तसेच राहिले. ही कसोटी वर्तमानकाळातच लावावी. भूतकाळात 'आजीने नातवाला चालवले' आणि 'आजोबांनी नातवाला चालवले' अशी रूपे होतात व क्रियापद दोन्हीकडे सारखेच राहते. तसेच 'नातवाला चालवते' एवढेच वाक्य दिले असेल, तर करविणारा कर्ता अध्याहृत आहे की नाही, हे आधी विचारावे.

धातूतील प्रत्येक 'व' प्रयोजकाचा नसतो, हेही ध्यानात ठेवावे. 'बसवणे' मधील 'व' काढला की 'बसणे' उरते. 'जेवणे', 'धावणे', 'शिवणे' यांतील 'व' काढला तर अर्थपूर्ण मूळ धातू उरत नाही. तेथे 'व' धातूचाच अंश आहे. उलट 'पडणे'–'पाडणे', 'तुटणे'–'तोडणे' या जोड्यांत 'व' नसतानाही दुसऱ्या रूपात करविण्याचा अर्थ आहे.

शेवटी दोन्ही प्रकार एकत्र आलेले वाक्य सोडवून पाहू : 'मालकाने सुताराकडून दार करवून घेतले.' मालकाने हातात काही घेतले नाही. 'घेतले' हे काम त्याच्या स्वतःसाठी झाल्याचे दाखविते. म्हणून 'करवून घेतले' हे संयुक्त क्रियापद. त्यातील 'करव' मधून 'व' काढला की 'कर' उरतो. दार करणारा सुतार, करविणारा मालक. म्हणून मुख्य धातू प्रयोजक. वर्तमानकाळात 'मालक करवून घेतो', 'मालकीण करवून घेते' असा बदल होतो, त्यामुळे शक्यतेचा अर्थ येथे संभवत नाही. अधोरेखित शब्द 'करवून घेतले' असा पूर्ण असेल, तर उत्तर 'संयुक्त' द्यावे, आणि त्यातील मुख्य धातू विचारला असेल, तर 'प्रयोजक' म्हणावे.